सिबिल रिपोर्ट बँकेशिवाय आणखी कोण बघतं? नोकरी देणारे, घरमालक आणि विमा कंपनी यांचं उत्तर वेगवेगळं आहे

प्रश्न: सर, मी निपाणीजवळच्या गावचा. आयबीपीएसमधून बँकेत क्लार्क म्हणून निवड झाली आहे, दीड महिन्यावर जॉइनिंग आहे. 2021 मध्ये मामांच्या ट्रॅक्टर कर्जाला जामीन राहिलो होतो. उसाचं बिल लांबलं आणि त्यांचे दोन हप्ते थकले, मिळून ₹1,16,000. हे बँकेला दिसणार का? बेळगावात टिळकवाडीत खोली बघितली तर घरमालक म्हणतात, सिबिलचा पीडीएफ व्हॉट्सअॅपवर टाका. विम्याचे एजंटही तेच मागतात. माझा रिपोर्ट कोणाकोणाला बघता येतो आणि त्यात नेमकं काय दिसतं?

उत्तर:

बँकेला दिसणार. घरमालकाला कायद्याने बघता येत नाही. विमा कंपनीला बघता येतो, पण तिच्या एजंटला नाही. आता हे असं का, ते सावकाश सांगतो. मी बेळगावातल्या एका सहकारी बँकेत एकवीस वर्षं कर्ज विभागात काढली. निवृत्तीनंतर लोकांचे रिपोर्ट दुरुस्त करून देण्याचं कामच मागे लागलं आहे.

आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण आपल्या देशात लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हायमार्क. चौघींनाही 2005 चा क्रेडिट माहिती कंपन्यांचा कायदा लागू आहे. त्यांच्याकडची फाइल कोणाला उघडता येईल याची यादी त्या कायद्यात आणि त्याखालच्या 2006 च्या नियमांत दिली आहे. बँका, सहकारी बँका, फायनान्स कंपन्या, गृहकर्ज कंपन्या आणि क्रेडिट कार्डवाले तर यादीत आहेतच. त्यांच्या पाठोपाठ विमा कंपन्या, फोन कंपन्या, शेअर दलाल, पतमानांकन संस्था, सेबी आणि विमा नियामकही आहेत.

या यादीत ‘घरमालक’ नाही. ‘नोकरी देणारा’ असाही शब्द नाही. तुमच्या लग्नाचं बघायला आलेली मंडळीही नाहीत, जरी हल्ली आमच्याकडे स्थळाची चौकशी करताना सिबिल विचारणारे मामा-काका निघाले आहेत.

यादीत नसलेल्या माणसाच्या हाती तुमचा रिपोर्ट एकाच सरळ वाटेने जाऊ शकतो, ती म्हणजे तुमच्या हाताने. तुम्ही पीडीएफ पाठवता, नाहीतर नोकरीच्या पडताळणीवाल्या कंपनीने पाठवलेल्या लिंकवर ओटीपी टाकता. ओटीपी टाकताना त्याच्या वर बारीक अक्षरांत संमती किती दिवसांची आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचा. काही ठिकाणी ती एकदा बघण्यापुरती असते, काही ठिकाणी सहा महिने पुन्हा पुन्हा बघण्याची.

आता जे सांगतोय ते बहुतेकांना माहीत नसतं. बँकेला दिसणारा रिपोर्ट आणि तुम्ही स्वतः काढलेला रिपोर्ट एकसारखे नसतात. दुसऱ्या बँकेने तुमची फाइल उघडली की तिला तुमची सगळी कर्जं दिसतात. रक्कम, कधी घेतलं, किती बाकी, किती थकलं, गेल्या 36 महिन्यांत कोणत्या महिन्यात किती दिवस उशीर झाला, हे सगळं दिसतं. पण तिची स्वतःची खाती सोडून बाकीच्या ठिकाणी कर्ज देणाऱ्याच्या नावाच्या जागी `NOT DISCLOSED` असं येतं आणि खाते क्रमांकही दिसत नाही. तुमच्या स्वतःच्या प्रतीत मात्र प्रत्येक बँकेचं नाव, खाते क्रमांक, तुमचा पॅन, जन्मतारीख, नोंदीतले मोबाइल नंबर आणि पत्ते उघडे असतात. कोणत्या तारखेला कोणी तुमची चौकशी केली, तेही नावासकट असतं.

म्हणजे घरमालकाला तुम्ही पीडीएफ पाठवलात तर कर्ज देणाऱ्या बँकेलाही जे कळत नाही ते त्याला कळतं. त्यातली माहिती फक्त तुमची नसते. तुमच्या रिपोर्टमध्ये मामांचं ट्रॅक्टर कर्ज `Guarantor` या शिक्क्याखाली दिसतं, त्याची बाकी आणि थकबाकी धरून. टिळकवाडीतल्या घरमालकाला मामांची थकबाकी वाचायला देण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, हा प्रश्न मामांनी विचारला तर तुमच्याकडे उत्तर नसेल.

घरमालकाला हवं असतं ते एवढंच, की भाडं महिन्याच्या महिन्याला येईल का. रिपोर्टवरून त्याला ते कळत नाही. भाड्याची नोंद रिपोर्टमध्ये नसते. बचत खात्यात किती आहे, ठेवी किती, पगार जमा होतो की नाही, यातलं काही नसतं. रोजगाराचा एक छोटा रकाना असतो. कर्जाच्या वेळी बँकेने भरला असेल तर त्यात नोकरदार की व्यावसायिक एवढं येतं, कधी उत्पन्नही येतं, पण ते कधीचं आहे ते बघावं लागतं. तुम्ही कुठे नोकरी करता, आधी कुठे होता, हे त्यात सापडत नाही. पोलीस केस नाही, आजारपण नाही, जात नाही.

घरमालकाला बँकेचं नेमणूक पत्र दाखवा. आधीच्या खोलीच्या मालकाचा फोन द्या, त्यांना विचारून. तरीही शंका असेल तर एक महिन्याचं डिपॉझिट जास्त देऊ म्हणा. बेळगावात एवढ्यावर खोली मिळते. रिपोर्टची अट धरून बसलेला मालक मला इथे क्वचितच भेटला, आणि भेटला तेव्हा बंगळूर-पुण्यात राहणाऱ्या मुलाने फोनवर शिकवलेलं होतं. अगदीच अडला तर मोबाइलवर स्कोअर समोर धरून दाखवा. फाइल पाठवू नका, कारण पाठवलेली फाइल पुढे कुठे जाते त्यावर तुमचा ताबा राहत नाही.

‘आमच्या ओळखीचा माणूस बँकेत आहे, तो बघून देईल’ असंही काही मालक सांगतात. त्यावर एक घडलेली गोष्ट सांगतो. शहापुरात एका बाईंनी भाड्याने घर घेतलं. मालकाचा जावई एका फायनान्स कंपनीच्या शाखेत कामाला होता. त्याने सासऱ्यांना बरं वाटावं म्हणून बाईंचा पॅन टाकून रिपोर्ट काढला. महिनाभराने बाई गृहकर्जासाठी आमच्याकडे आल्या. रिपोर्ट उघडला तर चौकशीच्या भागात दुचाकी कर्जासाठी एक अर्ज दिसला. बाई म्हणाल्या, “मला गाडी चालवता येत नाही हो, मी कशाला अर्ज करू?” मग तारीख जुळवली तर त्या घर बघायला गेल्या त्याच आठवड्यातला दिवस निघाला.

असा फेरफटका लपत नाही. कोणत्याही सभासद संस्थेने फाइल उघडली की तिचं नाव, तारीख, कोणत्या कारणासाठी आणि किती रकमेसाठी, हे चौकशीच्या यादीत बसतं. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे एप्रिल 2024 पासून तुमचा मोबाइल किंवा ईमेल नोंदीत असेल तर फाइल बघितल्याचा संदेश क्रेडिट कंपनीने तुम्हाला पाठवायचा असतो. त्यामुळे फाइलमध्ये चालू नंबर आहे ना, हे आधी बघा. जुनं बंद पडलेलं सिम असेल तर संदेश तिकडेच जाईल. विनाअधिकार फाइल बघितल्यास कायद्यात प्रत्येक गुन्ह्यामागे ₹1 लाखापर्यंत दंड आहे. बघणं चालूच ठेवलं तर दिवसाला आणखी ₹10,000 पर्यंत. त्याच कलमात असंही आहे की अशी मिळवलेली माहिती कोणत्याही कामासाठी विचारात घ्यायची नाही. त्या बाईंनी फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पत्र दिलं, कंपनीने चूक मान्य केली आणि ती नोंद निघाली. जावयाचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

विम्याचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे गुंता कमी आहे. विमा कंपनी यादीत आहे, म्हणून तुमच्या अर्जावरच्या संमतीच्या आधारे ती फाइल उघडू शकते. ती मुख्यतः मोठ्या रकमेच्या टर्म पॉलिसीला उघडते. एखाद्याचं उत्पन्न कागदावर कमी दिसतं आणि त्याला मोठं संरक्षण हवं असतं, तेव्हा त्याची कर्जफेड बघून त्याच्या ऐपतीचा अंदाज घेतला जातो. तिथेही तिला कर्जंच दिसतात. तुमचा मधुमेह, ऑपरेशन, दुसऱ्या कंपनीच्या पॉलिसी यातलं काही त्या फाइलमध्ये नसतं. एजंट म्हणजे कंपनी नव्हे. कंपनीला हवं असेल तर ती स्वतःच्या यंत्रणेतून बघेल, एजंटच्या व्हॉट्सअॅपवरून नाही. एजंटला नम्रपणे सांगा, अर्जावर सही केली आहे, कंपनी बघून घेईल.

आता नोकरी. खासगी कंपनीला फाइल स्वतः उघडता येत नाही, म्हणून ती पडताळणीवाल्या कंपनीमार्फत तुमच्याकडून ओटीपी किंवा प्रत मागते. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे आणि नोकरी न देण्याचा हक्क तिला, हे उघड बोललेलं बरं. पैशाच्या व्यवहाराची नोकरी नसेल तर मी पोरांना सांगतो, विचारा तरी की कशासाठी हवं.

बँकेची नोकरी याहून वेगळी. बँकेकडे फाइल उघडण्याची यंत्रणा आधीपासून आहे आणि जॉइनिंगच्या कागदांत ती तुमची संमती घेते. शिवाय हे तुम्हाला जाहिरातीतच सांगितलेलं असतं. आयबीपीएसच्या जाहिरातीत असं म्हटलेलं असतं की रुजू होताना उमेदवाराची कर्जफेड चांगली असावी. सिबिलमधली नोंद अद्ययावत नसेल तर एकतर ती अद्ययावत करून घ्यावी, नाहीतर ज्या खात्यावर वाईट नोंद आहे त्या खात्याची काही देणी राहिली नाहीत असं कर्ज देणाऱ्याचं पत्र आणावं. दोन्ही नसेल तर नेमणूक रद्द होऊ शकते. किमान स्कोअर किती, ते त्या त्या बँकेच्या धोरणावर असतं.

स्टेट बँकेची भरती वेगळी चालते आणि तिची भाषा कडक आहे. तिथे कर्ज किंवा कार्डाची देणी बुडवल्याची ‘नोंद’ असणं हीच अडचण ठरते. 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे अशाच एका उमेदवाराची याचिका आली. त्याचं म्हणणं होतं की जाहिरात निघाली तेव्हा माझी सगळी देणी फिटलेली होती. न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला. म्हणून आपल्या जाहिरातीतलं वाक्य नेमकं काय आहे ते काढून वाचा. मित्राच्या अनुभवावर जाऊ नका, त्याची भरती दुसऱ्या बँकेची असेल.

आयबीपीएसच्या अटीत वाट कशी निघते ते एका प्रकरणावरून सांगतो. खानापूर तालुक्यातली एक मुलगी, क्लार्क म्हणून निवड झालेली. तिच्या रिपोर्टमध्ये दोन अडचणी होत्या. पहिली, वडिलांबरोबर घेतलेलं ₹3,20,000 चं शैक्षणिक कर्ज. हप्ता ₹6,200, तीन हप्ते थकलेले, म्हणजे ₹18,600. वडील शाखेत जाऊन जमेल तसं भरायचे आणि त्यांना वाटायचं की सगळं चालू आहे. दुसरी अडचण म्हणजे कॉलेजमध्ये स्टॉल लावून दिलेलं एक क्रेडिट कार्ड. तिने ते कधी वापरलंच नव्हतं. ₹499 ची वार्षिक फी लागली, त्यावर जीएसटी, दंड आणि व्याज चढत ₹4,300 झाले आणि शेवटी बँकेने ते खातं बुडीत धरून `Written-off` करून टाकलं. तिला याचा पत्ताच नव्हता.

कार्डवाल्या बँकेच्या वसुलीवाल्याने फोनवर ₹2,000 मध्ये मिटवू म्हटलं. मी तिला नको म्हटलं. कमी पैशांत मिटवलं की नोंदीत `Settled` येतं आणि बघणारा त्याचा अर्थ घेतो की पूर्ण पैसे दिले नाहीत. ₹2,300 वाचवून नोकरी अडवून घ्यायची नव्हती. तिने महिन्याच्या 4 तारखेला दोन्हीकडे पूर्ण रक्कम भरली आणि त्याच दिवशी दोन्ही बँकांना पत्र मागितलं. कार्डवाल्यांचं ‘काही येणे नाही’ हे पत्र 9 तारखेला आलं. शैक्षणिक कर्जाच्या बँकेने असं पत्र द्यायला नकार दिला, आणि तो बरोबरच होता, कारण कर्ज चालू होतं, बाकी उरलेली होती. तिथे आम्ही मजकूर बदलून घेतला: ‘आज रोजी खात्यावर थकबाकी नाही, खाते नियमित आहे.’ थकलेली रक्कम वेगळी आणि उरलेली रक्कम वेगळी, हा फरक पत्रात उतरला नाही तर रुजू करून घेणारा अधिकारी गोंधळतो.

10 तारखेला तिने क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार टाकली, सोबत पावत्या आणि पत्रं. बँकांनी 1 जानेवारी 2025 पासून महिन्यातून किमान दोनदा माहिती पाठवायची आहे, पण हे प्रकरण त्याआधीचं. त्यामुळे नोंद बदलायला पुढच्या महिन्याची 2 तारीख उजाडली. 12 तारखेला ती पत्रांसह रुजू झाली. जुन्या महिन्यांतल्या उशिराच्या नोंदी मात्र तशाच राहिल्या. पैसे भरल्याने आजची थकबाकी शून्य होते, काल झालेला उशीर पुसला जात नाही. अशी माहिती कंपन्यांनी किमान सात वर्षं ठेवायची असते.

तक्रारीला मुदत असते, ती लक्षात ठेवा. एकूण 30 दिवस. त्यातल्या पहिल्या 21 दिवसांत कर्ज देणाऱ्या बँकेने आपली माहिती दुरुस्त करून पाठवायची. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ₹100 भरपाई. समजा तुमची दुरुस्ती 47 व्या दिवशी झाली, तर 17 दिवसांचे ₹1,700 तुमचे. रक्कम मोठी नाही, पण पत्रात या नियमाचा उल्लेख केला की कागद हलतो हे मी पाहिलं आहे. तरीही दाद नाही लागली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर जाता येतं. 2022 पासून क्रेडिट कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत.

आता तुमचं. मामांचं खातं तुमच्या फाइलमध्ये आहे हे धरूनच चला. त्यांची शाखा चिक्कोडीत असो, निपाणीत असो वा गडहिंग्लजला, फरक पडत नाही. सीमेचा खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, पण क्रेडिट कंपनीच्या फाइलला सीमा नाही. दोन्हीकडची खाती एकाच पॅनखाली येतात.

शाखेतले साहेब कदाचित म्हणतील, ‘खातं अजून एनपीए नाही, काळजी नको.’ ते त्यांच्या जागी बरोबर असतील, कारण शेतीकर्ज एनपीए, म्हणजे थकून बुडण्याच्या वाटेवरचं धरायचा हिशोब पिकाच्या हंगामावर लागतो. पण तुमच्या फाइलमध्ये थकबाकीचा आकडा त्याआधीही दिसू शकतो, आणि रुजू करून घेणारा माणूस आकडा बघतो.

सगळे ₹1,16,000 एकदम जमणार नसतील तर काय, हेही बघू. समजा पहिला हप्ता 31 ऑक्टोबरचा, दुसरा 30 एप्रिलचा आणि आज 30 जून आहे. उशिराचे दिवस सर्वांत जुन्या न भरलेल्या हप्त्यापासून मोजतात, म्हणजे आज 242 दिवस. मामांनी फक्त पहिला हप्ता पूर्ण भरला तर मोजणी दुसऱ्या हप्त्यापासून सुरू होते आणि 61 दिवसांवर येते. पण पहिल्या हप्त्यात ₹5,000 जरी कमी पडले तरी ते 242 च राहतात. अर्धवट भरण्याचा तोटा इथे असतो. भरणारी माणसं ‘निम्मं तरी भरलं’ म्हणून निर्धास्त होतात. तुमच्या कामासाठी मात्र दोन्ही हप्ते भरूनच पत्र मिळेल, म्हणून 61 वर समाधान मानू नका. मामांकडे आता नसतील तर तुम्ही भरा, पावती त्यांच्या खात्याचीच घ्या आणि घरात लिहून ठेवा.

‘मला जामिनातून मोकळं करा’ असं बँकेला लगेच म्हणू नका. बँक दुसरा जामीनदार घेतल्याशिवाय सोडत नाही आणि त्यात तुमचा दीड महिना जाईल. ते रुजू झाल्यावर बघा.

आज रात्रीच चौघींचे रिपोर्ट काढा. प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर उतरत नाही. एकाच कंपनीचा बघून थांबू नका. घरातल्या बायकांच्या गटाची, फायनान्सवाल्यांची छोटी कर्जं बऱ्याचदा एकीकडे दिसतात, दुसरीकडे नाहीत. गावातल्या सौहार्द संस्थेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज मात्र साधारणपणे कुठेच दिसत नाही, कारण त्या संस्था बँक नाहीत. अर्बन बँक आणि डीसीसी बँक या बँका आहेत, त्यांचं दिसतं. मी हे लपवाछपवीसाठी सांगत नाही. प्रतिज्ञापत्रात देणी विचारली असतील तर सौहार्दचंही लिहा.

रिपोर्ट वाचताना आपल्या भागातली एक खास अडचण असते. पॅनवर नाव एका स्पेलिंगचं, कन्नड कागदांवरून उतरलेलं दुसऱ्या स्पेलिंगचं, वडिलांचं नाव कधी मध्ये, कधी शेवटी. पाटील, चौगुले, देसाई गावोगावी. त्यामुळे एकाच नावाच्या दुसऱ्या माणसाचं कर्ज आपल्या फाइलमध्ये येऊन बसल्याची तीन प्रकरणं मी स्वतः सोडवली आहेत. ओळखायचं कसं? आपण कधी राहिलो नाही असा पत्ता, आपला नसलेला मोबाइल नंबर किंवा न घेतलेलं सोनेतारण दिसलं की थांबा. पत्त्यात एकदा `Belgaum` आणि एकदा `Belagavi` दिसलं तर मात्र घाबरू नका. शहराचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं, म्हणून जुनी खाती जुन्या नावाने आहेत.

बँकेने कागद मागायची वाट न बघता, मामांच्या खात्याचं पत्र हाती आल्याबरोबर नेमणूक पत्रावरच्या एचआरच्या पत्त्यावर स्वतः पाठवा. त्यात जामीनदार हा शब्द ठळक येऊ द्या. शाखेकडून मजकूर असा मागा: ‘सदर कर्ज खात्यावर आज रोजी थकबाकी नाही, खाते नियमित आहे, आणि जामीनदार या नात्याने यांच्याकडून आज रोजी बँकेस काही येणे नाही.’ खाली शिक्का, तारीख आणि सही करणाऱ्याचा कर्मचारी क्रमांक. शिक्का नसलेलं पत्र घेऊन आलेल्या एका मुलाला बेळगावातून परत शाखेत पाठवलं होतं. त्याचा एक दिवस गेला आणि साहेब रजेवर निघाले.